कर्ज फेडावयाचें कोणीं? : पोर्तुगीज भाषेंतील पुरुषवाचक तुमंत

‘बापानें कर्ज फेडण्यासाठीं घर विकलें.’ हें वाक्य ऐकतांच कर्ज बापच फेडणार असें कोणीहि समजेल. पण घर बापानें विकलें आणि त्या पैशांतून कर्ज मात्र मुलगे फेडणार, असें सांगावयाचें असेल तर मराठींत ‘मुलांनीं’ हा शब्द घालावा लागतो. ‘फेडण्यासाठीं’ हें रूप स्वतः त्याविषयीं कांहींच बोलत नाहीं. पोर्तुगीज भाषेंत मात्र तें रूपच बोलतें.

तेथें ‘फेडणें’ यास ‘पागार’ म्हणतात. हें साधें तुमंत होय. ‘उ पाय व्हेंदेउ आ काझा पारा पागार आ दीव्हिदा’ म्हणजे बापानें कर्ज फेडण्यासाठीं घर विकलें, फेडणारा बापच. आतां ‘पागार’च्या जागीं ‘पागारेंय’ ठेवावें. लगेच अर्थ फिरतो : घर बापानें विकलें, पण कर्ज ‘त्यांनीं’ फेडावें म्हणून. ‘पागारमुश’ म्हटलें तर फेडणारे आम्ही, आणि ‘पागारेश’ म्हटलें तर फेडणारा तूं. तुमंताला पुरुष व वचन यांचे प्रत्यय लावणाऱ्या ह्या रूपास पोर्तुगीज वैयाकरण ‘इन्फिनितीव्हु पेसुआल’, म्हणजे पुरुषवाचक तुमंत, म्हणतात.

ह्या व्यवस्थेंत एक उणीव आहे. ‘मी’ आणि ‘तो’ यांना प्रत्ययच नाहीं. दोहोंचें रूप नुसतें ‘पागार’ असेंच राहतें. म्हणून मीं फेडावें असा अर्थ हवा असेल तर ‘पारा एउ पागार’ असें सर्वनाम उघड घालावें लागतें. तसेंच ‘पागारेंय’मधील ‘ते’ कोण, हें मागच्या वाक्यावरून कळत नसेल तर ‘पारा उश फील्युश पागारेंय’, मुलांनीं फेडावें म्हणून, असें म्हणावें लागतें.

हें रूप केव्हां अवश्य असतें? मुख्य क्रियेचा कर्ता एक आणि तुमंताचा दुसरा असला, म्हणजे तें टाळतां येत नाहीं. ‘मुलगे’ असा अनेकवचनी कर्ता तुमंतापाशीं स्पष्ट उभा असला तर प्रत्यय हवाच. ‘ए प्रेसीझु पागार’, म्हणजे पैसे भरणें जरूर आहे, हें कोणालाहि लागू पडणारें सर्वसामान्य विधान. ‘ए प्रेसीझु पागारमुश’ म्हटलें कीं तें ओझें आमच्याच खांद्यावर येतें.

दोन्ही क्रियांचा कर्ता एकच असेल तर साधें तुमंत पुरतें. आम्हींच घर विकलें आणि आम्हींच कर्ज फेडणार, तर ‘पागार’ व ‘पागारमुश’ हीं दोन्ही चालतात. मात्र हेतु आधीं सांगून मुख्य वाक्य मागाहून आलें, किंवा दोहोंमध्यें बरेंच अंतर पडलें, तर ऐकणाराचा घोंटाळा होऊं नये म्हणून प्रत्ययाकडे कल असतो.

परंतु ‘शकणें’ आणि ‘इच्छिणें’ ह्या क्रियापदांपुढें त्याच कर्त्याचें तुमंत आलें तर प्रत्ययाला मज्जाव आहे. आम्ही फेडूं शकतों हें ‘पुदेमुश पागार’ असेंच म्हणावें. ‘पुदेमुश पागारमुश’ ही चूक. कारण ‘पुदेमुश’ ह्या शब्दानेंच ‘आम्ही’ सांगून झालेले असतात. आणि त्यांनीं फेडावें अशी आमची इच्छा असेल, तर कर्ते वेगळे असूनहि येथें पुरुषवाचक तुमंत उपयोगी पडत नाहीं. ‘केरेमुश क एलेश पागेंय’ असें दुसरें विध्यर्थी वाक्य जोडावें लागतें.

शिकणारास खरा चकवा पुढेंच आहे. ‘आम्हीं फेडलें तर’ यासाठीं ‘स पागारमुश’ म्हणतात. पण हें तुमंत नव्हे, भविष्यकालीन संकेतार्थी रूप आहे. नियमित क्रियापदांत दोन्ही रूपें अक्षरशः एक असल्यामुळें भेद दिसत नाहीं. तो पाहावयाचा तर त्या जागीं ‘करणें’ ह्या अर्थाचें अनियमित ‘फाझेर’ ठेवून पाहावें. ‘पारा’नंतर ‘फाझेरमुश’ येतें, तर ‘स’नंतर ‘फिझेरमुश’. जेथें ‘फाझेरमुश’ बसेल तेथें तुमंत समजावें.

गोव्यांत १९६१ पर्यंत राज्यकारभार पोर्तुगीज भाषेंत चालला. तेथील एखाद्या जुन्या खरेदीखतांत घर विकण्याचा हेतु वाचतांना ‘पागार’ आणि ‘पागारेंय’ यांतील फरक नजरेतून सुटला, तर घर विकणारा बरोबर कळेल, पण कर्ज भलत्याच माणसाच्या नांवावर चढेल.