वक्र वाचताना आधी तळ पाहा

युरोपातील कार्डधारकांच्या सप्टेंबर 2013मधल्या दोन दिवसांच्या व्यवहारांचा एक खुला डेटासेट अभ्यासकांच्या चांगला परिचयाचा आहे. व्यवहार 2,84,807, त्यांत फसवणुकीचे फक्त 492, म्हणजे सुमारे 0.17 टक्के. प्रिसिजन-रिकॉल वक्रावर निव्वळ अंदाजपंचे निवड करणाऱ्याची आडवी रेषा इथे 0.5वर नसते, तर 0.0017वर असते. त्यामुळे 0.30 प्रिसिजनही इथे मुळीच टाकाऊ नाही.

समजा, एखादे मॉडेल 80 टक्के फसवणूक पकडते आणि प्रामाणिक व्यवहारांपैकी फक्त 1 टक्क्यावर चुकून बोट ठेवते. आरओसी वक्रावर हा बिंदू झकास दिसतो. पण प्रामाणिक व्यवहारांचा 1 टक्का म्हणजे सुमारे 2,843 खोटे इशारे, आणि पकडलेल्या फसवणुकी 394. प्रिसिजन जेमतेम 12 टक्के! तपासनिसाने आठ फाइली उघडाव्यात, तेव्हा एक खरी निघते.

चाचणीसाठी दोन्ही गट समसमान घेतले, तर हेच मॉडेल जवळपास 99 टक्के प्रिसिजन दाखवते. म्हणून असा देखणा वक्र समोर आला की चाचणीतले खऱ्या प्रकरणांचे प्रमाण आधी विचारावे.

वक्राच्या डाव्या टोकावर मात्र फार विसंबू नये. तिथे मोजके इशारे असतात. पहिलाच चुकला की वक्र शून्यातून उठतो. शिवाय चाचणीला पाचवा हिस्सा ठेवला तर त्यात फसवणुकी शंभराच्या आतच येतात, आणि एकेका प्रकरणाने रिकॉल सुमारे एक टक्क्याने हलतो.