चोवीस नव्हे, वीस: ज्यूस हीटरमधली सरासरी

साखर कारखान्यात उसाचा रस गाळपानंतर दोनदा तापवला जातो. पहिल्यांदा साधारण ७० अंशांपर्यंत. मग त्यात चुन्याचे दूध आणि सल्फरचा धूर मिसळतात आणि पुन्हा एकदा, १०२ अंशांच्या आसपास. हा दुसरा आकडा उगाच ठरलेला नाही. रस उकळबिंदूच्या थोडा वर गेला, तरच पुढच्या फ्लॅश टाकीत तो एकदम उसळतो आणि त्यात अडकलेली हवा निघून जाते. हवा राहिली, तर बगॅसचे बारीक कण तिला चिकटून क्लॅरिफायरमध्ये तरंगत राहतात आणि तळाला बसायला हवा तो गाळ वर येतो.

ही तापवणी ज्यूस हीटरमध्ये होते. एका उंच सिलिंडरमध्ये शेकडो नळ्या असतात. नळ्यांच्या आतून रस जातो, बाहेरून इव्हॅपोरेटरच्या बॉडीतून आलेली वाफ. कारखान्यात तिला व्हेपर म्हणतात. व्हेपर नळ्यांवर निवून पाणी होते आणि आपली उष्णता रसाला देते. निवताना तिचे स्वतःचे तापमान बदलत नाही. आपण ते ११० अंश धरू.

आता प्रश्न असा की, नळ्या किती लागतील? उष्णता किती वेगाने आत शिरते हे तीन गोष्टींवर ठरते : नळ्यांचा एकूण पृष्ठभाग, त्या पृष्ठभागाची उष्णता पार करून देण्याची क्षमता आणि दोन्ही बाजूंच्या तापमानांतला फरक. पहिल्या दोन गोष्टी आकड्यांत मांडता येतात. अडचण तिसऱ्यापाशी येते, कारण हा फरक एक नाही. रस आत येतो तिथे तो ११० वजा ७०, म्हणजे ४० अंश आहे. बाहेर पडतो तिथे ११० वजा १०२, म्हणजे अवघा ८. हिशेबात धरायचा कोणता?

कोणीही म्हणेल, दोन्हींची बेरीज करून निम्मी करा. उत्तर २४. दिसायला हे वाजवी आहे, आणि एका अर्थाने बरोबरही आहे. ७० ते १०२ या प्रवासाचा तापमानातला मध्य ८६ अंशांवर येतो आणि तिथे फरक नेमका २४ असतो. पण कारखाना अंश विकत घेत नाही, नळ्या विकत घेतो. सरासरी काढायची ती नळीच्या लांबीवर.

लांबीवर पाहिले की चित्र पालटते. रसाला ७० वरून ७१ वर न्यायचे, तर मागे जवळजवळ ४० अंशांचा रेटा आहे. काम झटकन होते. तोच रस १०१ वरून १०२ वर न्यायचा, तर रेटा साडेआठ अंशांचा. त्या एका शेवटच्या अंशासाठी पहिल्या अंशाच्या साडेचार पटींहून अधिक नळी खर्ची पडते. म्हणजे नळीच्या वाटेवर रस बहुतेक अंतर कमी फरकातच कापतो. कपातला चहा सुरुवातीला भरभर निवतो आणि मग कोमट अवस्थेत रेंगाळतो, तसाच हा प्रकार. इथे फक्त तापणे रेंगाळते.

नळीचे चार सारखे भाग करून पाहू. सुरुवातीला फरक ४०. पाव वाटेवर तो साधारण २६.७ उरतो, निम्म्या वाटेवर १७.९, पाऊण वाटेवर १२ आणि शेवटी ८. दर टप्प्यात फरक ठरावीक अंशांनी नव्हे, ठरावीक प्रमाणात घटतो. निम्मी नळी संपते तेव्हा रस ९२ अंशांवर पोहोचलेला असतो. एकूण ३२ अंशांपैकी २२ अंश पहिल्या निम्म्या नळीत मिळाले आणि उरलेल्या दहासाठी दुसरी निम्मी नळी लागली. आपण धरलेला २४ चा फरक जेमतेम पहिल्या एक तृतीयांश लांबीपर्यंतच टिकतो. पुढे सगळीकडे त्याहून कमी.

अशी ठिकाणे पाच न घेता पाचशे घेतली आणि त्यांच्या फरकांची सरासरी काढली, तर ती १९.९ वर येऊन थांबते. तेवढी मेहनत करायची गरज नाही, कारण घट प्रमाणात होत असल्यामुळे लॉगॅरिथम थेट उत्तर देतो. दोन टोकांच्या फरकांची वजाबाकी करायची आणि तिला त्यांच्या गुणोत्तराच्या नैसर्गिक लॉगॅरिथमने भागायचे :

(40 − 8) ÷ ln(40 ÷ 8) = 32 ÷ 1.609 = 19.9

इंजिनिअर याला लॉग मीन तापमानफरक किंवा नुसते एलएमटीडी म्हणतात.

२४ आणि १९.९ मधला फरक किती महागात पडतो, तेही पाहू. समजा, तासाला १०० टन रस आहे आणि नळ्यांची उष्णता पार करण्याची क्षमता दर चौरस मीटरला, दर अंशाला ९०० वॉट आहे. लॉग मीनने सुमारे १८९ चौरस मीटर पृष्ठभाग लागतो. साध्या सरासरीने १५६ पुरेसा वाटतो. तेवढाच बसवला, तर रस १०२ ऐवजी साडेनव्याण्णव अंशांवर बाहेर येईल. अडीच अंश कमी, पण फ्लॅश टाकीत उसळायला जी काय वरची शिल्लक लागते ती नेमकी त्यांतच होती.

शिवाय ही चूक कधीच आपल्या बाजूने होत नाही. टोकांचे फरक वेगळे असले की साधी सरासरी लॉग मीनपेक्षा नेहमी मोठीच येते, म्हणजे हीटर नेहमी लहानच ठरतो. एक टोक दुसऱ्याच्या दुप्पट असेल, तर चूक चार टक्क्यांची. तेवढी कोणी मनावर घेणार नाही. आपल्या उदाहरणात पाचपट आहे आणि चूक वीस टक्क्यांच्या पुढे गेली. दोन्ही टोके अगदी सारखी असतील, तर मात्र सूत्रच शून्य भागिले शून्य होऊन बसते. तेव्हा तो सारखा फरकच सरासरी समजायचा.

सूत्रामागे काही गृहीतकेही आहेत. नळीची क्षमता सगळीकडे सारखी धरलेली असते. खरे तर रस तापला की पातळ होतो आणि ती थोडी वाढते. बहुतेक ज्यूस हीटरांत रस अनेक फेऱ्या मारतो. दोन्ही बाजूंचे तापमान बदलत असते, तर त्यासाठी वेगळा दुरुस्ती-गुणक लावावा लागला असता. इथे व्हेपर सगळीकडे ११० वरच असल्याने ती भानगड नाही.

हंगाम सुरू झाला की नळ्यांत स्केल धरू लागतो. काही दिवसांनी रस १०२ ऐवजी ९८ वर बाहेर येऊ लागला असे समजा. चारच अंश तर गेले! पण हिशेब करा. मिळालेल्या अंशवाढीला लॉग मीनने भागले की क्षमतेचा अंदाज येतो. आधी ३२ भागिले १९.९, आता २८ भागिले २३.३. पहिले उत्तर १.६१, दुसरे १.२. नळ्यांची पाव क्षमता गेली. साध्या सरासरीने हाच हिशेब केला, तर घट १९ टक्केच दिसते आणि सफाई पुढे ढकलली जाते.

घट दिसली म्हणजे स्केलच, असेही नाही. व्हेपरबरोबर येणारे न निवणारे वायू शेलमध्ये साचले, तरी तोच परिणाम दिसतो, कारण ते जिथे अडकतात तिथे व्हेपर नळीपर्यंत पोहोचतच नाही. म्हणून ब्रश घालण्याआधी व्हेंटचा कॉक थोडा अधिक उघडून पाहतात. थोड्याच वेळात बाहेरचा थर्मामीटर वर सरकू लागला, तर नळ्या घासायची गरज नव्हती.