बारा स्प्रिंकलरांचा हिशेब

भिवंडी परिसरातल्या एखाद्या मोठ्या गोदामाची कल्पना करा. छत ९ मीटरवर, रॅक साडेसात मीटरपर्यंत भरलेले आणि खोक्यांत प्लॅस्टिकच्या वस्तू. छताला शेकडो स्प्रिंकलर असले, तरी सिनेमात दाखवतात तसे ते एकदम बरसत नाहीत. प्रत्येक स्प्रिंकलर स्वतःला लागलेल्या उष्णतेनेच उघडतो. त्यामुळे पाण्याचा हिशेब शेकडोंचा नसतो.

उंच रॅकसाठी ईएसएफआर प्रकारचे स्प्रिंकलर बसवतात. आग कोवळी असतानाच तिच्यावर भरपूर पाणी ओतायचं, हे त्यांचं काम. अमेरिकेच्या एनएफपीए १३ या मानकानुसार अशा गोदामात बारा स्प्रिंकलर एकाच वेळी उघडतील असं धरतात: पंपापासून पाणी पोचायला सर्वांत अवघड अशा कोपऱ्यातल्या तीन ओळींवरचे प्रत्येकी चार.

स्प्रिंकलरचा के-फॅक्टर, म्हणजे त्याच्या तोंडाचं माप, २०२ आहे आणि तिथे किमान साडेतीन बार दाब हवा. दाबाच्या वर्गमुळाला २०२ने गुणलं की मिनिटाला सुमारे ३७८ लिटर येतात. बारांचे झाले जवळपास ४,५४०. पण पंपाच्या बाजूच्या स्प्रिंकलरांना दाब जास्त मिळतो, ते जास्त पाणी ओढतात, म्हणून आकडा ४,९०० धरू. अग्निशमन जवानांच्या होजसाठी आणखी ९५०. एकूण ५,८५०. हे तासभर पुरायचं, तर टाकी साडेतीन लाख लिटरची लागते.

आता दाब. स्प्रिंकलरपाशी साडेतीन बार, उंचीपोटी ०.९ आणि पाइपातल्या घर्षणापोटी, समजा, १.८. पंपाने ५,८५० लिटरला ६.२ बार द्यायला हवेत.

बाजारात ४,५५० लिटर, ८ बारचा पंप मिळतो. पाटीवरचा आकडा कमी दिसला तरी तो बाद होत नाही. अग्निशमन पंपाने दीडपट प्रवाहालाही पाटीवरच्या दाबाचे ६५ टक्के द्यावेत, अशी एनएफपीए २० ची अट आहे. इथे ते होतात ६,८२५ लिटरला ५.२ बार. मधल्या ५,८५०ला साधारण साडेसहा बार मिळतील. पंप चालेल, पण काठावर. पाइप थोडे गंजले की हा फरक संपतो, म्हणून मोठा पंप घेतलेला बरा.

हा सगळा डोलारा मालावर उभा आहे. १९८२ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या के-मार्टच्या प्रचंड गोदामात एरोसोलचे डबे रॉकेटसारखे उडाले आणि स्प्रिंकलर असूनही आग सर्वत्र पसरली. खोक्यांच्या जागी फोमच्या गाद्या आल्या की बाराचा हिशेबही उरत नाही. तो नव्याने मांडावा लागतो.

पंप खरंच पाणी देतोय का, हेही दाबमापकावरून कळत नाही. व्हॉल्व्ह बंद ठेवून पंप चालवला, तर काटा दहा बारही दाखवेल, कारण पाणी वाहतच नसतं. वर्षातून एकदा टेस्ट लाइन उघडून शून्य, पूर्ण आणि दीडपट प्रवाहाला दाब मोजायचा आणि कारखान्याने दिलेल्या आलेखाशी ताडून पाहायचा. दीडपटीला दाब धाडकन कोसळला, तर आधी टाकीकडचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे का आणि गाळणी तुंबली आहे का, हे तपासायचं.