एक तास, सात उत्तरं

सोयाबीन पेरणीवरच्या तासाभराच्या वेबिनारमधून आठवड्याच्या पोस्ट काढताना रेकॉर्डिंगचे मिनिटांनुसार तुकडे पाडू नका. वक्ता उगवणीचा मुद्दा तीनदा सांगतो, मग तीन पोस्ट सारख्याच होतात. त्याऐवजी त्यात उत्तर मिळालेले प्रश्न कागदावर उतरवा आणि प्रत्येकासमोर एका ओळीचं उत्तर लिहा. दोन उत्तरं सारखी निघाली, तर ते प्रश्न एकत्र करा.

सोमवारी फक्त उगवण चाचणी: ओल्या गोणपाटात १०० दाणे ठेवा, ७० किंवा जास्त उगवले, तर बियाणं पेरणीयोग्य. मंगळवारी फक्त पेरणीची खोली: ३ ते ५ सेंटिमीटर.

‘काल सांगितल्याप्रमाणे’ लिहावं लागलं, तर पोस्ट अपुरी आहे. तो संदर्भ तिथेच एका वाक्यात द्या. प्रश्न पाचच उरले, तर पोस्टही पाचच करा.