लिफ्टचं दार कुणी लावलं?

१९४२ साली आलेल्या ‘कॅट पीपल’ या अमेरिकी चित्रपटात एक प्रसंग आहे. ॲलिस रात्री एकटीच बागेच्या भिंतीकडेने निघाली आहे. मागून इरिना चालते आहे आणि रागाच्या भरात ही बाई काळा बिबट्या होते, अशी शंका आपल्या मनात पेरलेली आहे. दिग्दर्शक जाक तुर्नर इथे पार्श्वसंगीत वापरत नाहीत. ऐकू येतात फक्त दोघींच्या टाचा. मग मागच्या टाचा थांबतात. ॲलिस घाबरते, पळू लागते, आणि अचानक फिस्कारल्यासारखा आवाज होतो. जनावर आलं म्हणून आपण दचकतो, तर समोर येऊन थांबते बस! संकलक मार्क रॉब्सन यांनी केलेली ही करामत इतकी गाजली की निर्माते व्हॅल ल्यूटन यांच्या चमूत अशा दचक्यालाच ‘बस’ म्हणू लागले.

सगळे बसचं कौतुक करतात. मला मात्र खरं काम त्याआधीच झालेलं दिसतं. टाचांचा आवाज थांबला तिथेच प्रेक्षक घाबरला होता. बसने ती भीती फक्त बाहेर काढली. पाच-सहा मिनिटांच्या लघुपटाची संहिता लिहिणाऱ्याने इथूनच शिकावं. आधी आवाजाची सवय लावायची, मग तो आवाज मोडायचा.

एक संहिता रचून पाहू. जुनी चार मजली इमारत, रात्रीचे दोन. लिफ्टचं जाळीचं दार उघडं राहिलं की ‘प्लीज क्लोज द डोअर’ असा ध्वनिमुद्रित आवाज सुरू होतो. वॉचमन चौथ्या मजल्यावर चढतो, दार लावतो, पुटपुटत जिन्याने खाली येतो. खुर्चीत टेकतो न टेकतो तोच लिफ्टची घरघर होते आणि पुन्हा तीच सूचना, या वेळी तिसऱ्या मजल्यावरून. तो पुन्हा चढतो. लिफ्ट रिकामी. दार लावून पहिल्या मजल्यापर्यंत उतरतो, तेवढ्यात वर दुसऱ्या मजल्यावर सूचना सुरू होते. कागदावर पुढचा भाग असा दिसेल:

वरून: ‘प्लीज क्लोज द डोअर.’
वॉचमन कठड्याला धरून उभा. वर जात नाही.
वरून: ‘प्लीज क्लोज द—’
खडाक्. सूचना बंद.
शांतता.

भीती एवढीच. आधीच्या दोन खेपांना हा ‘खडाक्’ वॉचमनच्या हातून झाला होता, त्यामुळे तो कसा होतो हे प्रेक्षकाला ठाऊक आहे. म्हणून पहिल्या दोन खेपांना दार लावताना कॅमेरा त्याच्या हातावर हवा आणि आवाज स्वच्छ ऐकू यायला हवा. घाईत लिहिणारे नेमका हाच भाग कापतात आणि मग शेवटी किंकाळी घालून भरपाई करू पाहतात.

संहितेत ‘भीतिदायक संगीत’ असं लिहू नये. आवाज कशाचा, किती लांबून, कधी थांबतो, हे लिहावं. थांबण्याला स्वतंत्र ओळ द्यावी, म्हणजे संकलकही तिथे थांबतो. शांतता म्हणजे ध्वनिपट्टी कोरी ठेवणं नव्हे. तशी ठेवली तर प्रेक्षकाला स्पीकर बिघडल्यासारखं वाटतं. चित्रीकरण संपल्यावर सगळ्यांना गप्प उभं करून त्या जिन्याचा नुसता आवाज अर्धा-एक मिनिट मुद्रित करून घ्यावा: ट्यूबलाइटची गुणगुण, लांबचा रस्ता. शांततेखाली तोच आवाज ठेवायचा.

आता उरला उलगडा. लिफ्ट घरघरत खाली येते. कॅमेरा वॉचमनच्या चेहऱ्यावर. लिफ्टमधला उजेड जाळीतून त्याच्या तोंडावरून सरकत जातो. त्याने आत पाहिलं, आपण नाही. घरघर खाली जाऊन थांबते, जिथे त्याची खुर्ची आहे तिथे. पुन्हा सूचना सुरू होते. काळा पडदा.

इथवर वॉचमनला जेवढं कळत होतं तेवढंच प्रेक्षकाला कळत होतं. शेवटी एकदाच तो आपल्यापुढे जातो, म्हणून हे लपवणं फसवणूक वाटत नाही. त्याला चौथ्या मजल्यावरच काही दिसलं असतं आणि लेखकाने ते दडवलं असतं, तर प्रेक्षक चिडला असता. लिफ्टमध्ये काय होतं हे लेखकाने स्वतःशी ठरवलेलं मात्र असावं, कारण नटाला विस्फारलेले डोळे नकोत, नेमकी प्रतिक्रिया हवी. ओळखीचं माणूस दिसलं तर चेहरा वेगळा होतो, अनोळखी दिसलं तर वेगळा. आणि उजेड सरकताना दुसरा दणका घालू नका. तो घातला की आधीचा ‘खडाक्’ वाया जातो.

संहिता झाली की कुणाला तरी डोळे मिटून बसवा आणि वाचून दाखवा. दाराचा आवाज टेबलावर थाप मारून काढा. तिसऱ्या थापेला त्याने ‘कुणी लावलं?’ असं विचारलं नाही, तर शेवट बदलत बसू नका. पहिल्या दोन खेपा पुन्हा लिहा.