गृहकर्ज फेडताना शेवटचा कागद विसरू नका

बदलत्या व्याजदराचे गृहकर्ज वैयक्तिक कर्जदाराने मुदतीआधी फेडले, तर बँक त्यावर दंड लावू शकत नाही. रिझर्व्ह बँकेचा हा नियम ठाऊक नसल्याने अनेकजण बोनसची रक्कम बचत खात्यातच ठेवतात. स्थिर दराच्या कर्जावर मात्र शुल्क लागू शकते. आधी करारपत्र वाचा.

समजा, 9 टक्क्यांनी 20 लाखांचे कर्ज 20 वर्षे फेडायचे आहे, म्हणजे हप्ता सुमारे 18 हजार. सुरुवातीलाच 2 लाख जादा भरून हप्ता तोच ठेवला, तर मुदत जवळपास साडेचार वर्षांनी घटते. हप्ता कमी करून घेतला, तर तो 1,800 रुपयांनी उतरतो, पण व्याजाची बचत बरीच कमी होते. म्हणून झेपत असेल तर मुदतच कमी करा आणि तसे लेखी कळवा.

कर्ज बंद करताना त्या दिवसापर्यंतच्या थकबाकीचे पत्रक मागा. पैसे उशिरा भरले, तर चार दिवसांचे व्याज उरते आणि खाते उघडेच राहते. म्हणून ‘नो ड्यूज’ दाखल्यावर खाते क्रमांक आणि ‘येणे बाकी नाही’ हे शब्द तपासा. घराची मूळ कागदपत्रे 30 दिवसांत परत मिळायला हवीत. बँकेमुळे उशीर झाला, तर दिवसाला 5,000 रुपये भरपाईचा तुमचा हक्क आहे. तो लेखी मागा.