गडद रंगाचा केक कडू का लागतो?

वाढदिवसाच्या केकवर बॅटमॅन हवा असेल, तर बटरक्रीम कुळकुळीत काळं हवं. पण पांढऱ्या बटरक्रीममध्ये काळा जेल कलर घालायला घेतला की ते आधी राखाडी होतं, मग निळसर होतं. हात आखडत नाही, अर्धी बाटली रिकामी होते आणि पहिल्याच घासाला जीभ कडवटते. दात काळे होतात ते वेगळंच.

हा कडवटपणा रंगाच्या प्रमाणातून येतो. थोडा रंग जिभेला कळत नाही. चमचे भरून घातला की कळतो. म्हणून सगळी युक्ती कमी रंगात काम भागवण्याची आहे, आणि तिची सुरुवात बटरक्रीमपासूनच होते.

काळ्यासाठी ते पांढरं नकोच. २५० ग्रॅम लोणी, ५०० ग्रॅम आयसिंग शुगर आणि सुमारे ६० ग्रॅम गडद डच कोको, लागेल तसं दूध: हे फेटलं की गडद तपकिरी बटरक्रीम तयार होतं. काळा कोको मिळाला तर उत्तमच, ते जवळजवळ काळंच दिसतं. आता काळा जेल कलर अर्धा चमचा घालून पुरतो. चिमूटभर मीठ घातलं तर उरलासुरला कडवटपणाही दबतो.

यानंतर जास्त फेटायचं नाही. फेटताना मिश्रणात हवा भरते आणि ती हवाच रंग फिका दाखवते. त्यापेक्षा पाव भाग वेगळ्या वाटीत काढून मायक्रोवेव्हमध्ये पंधरा-वीस सेकंद वितळवावा. हवा निघून जाते, रंग नीट मिसळतो आणि वाटीतलं मिश्रण एकदम गडद दिसू लागतं. ते थोडं निवलं की उरलेल्यात चमच्याने कालवायचं.

तरीही लगेच मनासारखा काळा दिसणार नाही. भांडं झाकून रात्रभर ठेवलं की रंग आपोआप खुलतो. घाईत आणखी जेल ओतणं हीच इथली नेहमीची चूक. अंदाज हवा असेल तर पांढऱ्या बशीवर पातळ बोट ओढून अर्ध्या तासाने पाहावं.

लालचं गणित थोडं वेगळं आहे. कोको जास्त झाला तर लाल मातकट होतो, म्हणून एवढ्याच लोणी-साखरेला एखादा चमचा कोको पुरे. आधी गुलाबी जेलने गडद गुलाबी करून घ्यावं, मग लाल घालावा. त्यालाही वितळवणं आणि रात्रभर मुरवणं लागू पडतं.

व्हिप्ड क्रीमवर मात्र हा प्रयोग करू नये. ते मुळातच हवेने भरलेलं असतं, त्यामुळे गडद होत नाही आणि जास्त जेलने पातळ होऊन ओघळतं. सगळा केक काळ्या बटरक्रीमने माखायचीही गरज नसते: आत चॉकलेट बटरक्रीम आणि वरून काळ्याचा एकच पातळ थर दिला, तर प्रत्येक तुकड्यात रंग थोडाच जातो.